पर्वरीची ती गाडी आणि गरम बॉनेट

मागच्या जूनमधली गोष्ट. पेडण्याचा एक पोरगा, आमच्या गॅरेजमध्ये स्कूटर दुरुस्तीला येणारा, म्हणाला दादा सेकंडहँड गाडी बघितलीय, 2014 ची 1.2 पेट्रोल, तीन लाख दहा सांगतायत, तुम्ही एकदा बघाल का. मी म्हटलं बघतो, पण मालकाला सांग की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, बाकी काही सांगू नको.

सात वाजता पर्वरीला पोचलो. पाऊस भुरभुरत होता, पाववाला पोदेर भोंगा वाजवत पुढे गेला, गेटच्या आत गाडी धुवून पुसून उभी. मालक चांगला माणूस वाटला, चहाचं विचारलं. मी सवयीप्रमाणे आधी बॉनेटवर हात ठेवला तर कोमट. रेडिएटरचा वरचा पाइप तर चांगलाच गरम. तरी नुसत्या हातावर भांडायचं नाही म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावला, चावी ऑन केली, इंजिन चालू न करता. `ECT` म्हणजे कूलंटचं तापमान 58, आणि `IAT` म्हणजे आत येणाऱ्या हवेचं 36. गाडी रात्रभर उभी असेल तर हे दोन्ही आकडे जवळपास सारखे पाहिजेत आणि बाहेरच्या हवेएवढे, म्हणजे त्या दिवशी 26-27 च्या आसपास. 58 म्हणजे तास-दीड तासापूर्वी कोणीतरी चांगली तापवून ठेवलीय.

मालक म्हणाले, "मुलगा सकाळी दूध आणायला गेला होता." असेल बाबा. पण मी पोराला बाजूला घेऊन सांगितलं की आज स्टार्ट करून काही कळणार नाही. कारण जुन्या इंजिनाची दोन दुखणी, चेनचा खडखडाट आणि सीलमधून झिरपणारं ऑइल, गाडी सात-आठ तास उभी राहिली तरच तोंड उघडतात, एकदा तापवली की दोन्ही गप्प. मग पोराने पाच हजार टोकन दिलं, मालकांशी गोड बोलून गाडी संध्याकाळी म्हापशाला आमच्या गॅरेजमध्ये आणली, चावी रात्रभर माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मालकपण आले. `ECT` 27, `IAT` 27. आता बरोबर.

आधी चावी ऑन, स्टार्ट नाही. या वेळी सगळे लाइट पेटायला पाहिजेत, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग, आणि चेक इंजिन. लोक काय बघतात की चेक इंजिन पेटलेला नाही ना, नाही तर गाडी चांगली. उलटं आहे हो! चावी ऑनला तो पेटून इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. या गाडीत बाकी सगळे पेटले आणि चेक इंजिनची जागा काळीच. स्कॅनरमध्ये बिघाडाचा कोड एकही नाही, पण `Distance since codes cleared`, म्हणजे कोड पुसल्यापासून गाडी चाललेली, 13 km. पर्वरी ते म्हापसा आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे आम्ही पहिल्यांदा बघायला गेलो त्याच्या थोडंच आधी कोणीतरी कोड पुसलेत. मालकांना विचारलं तर म्हणाले मला यातलं काही कळत नाही, माझा मेकॅनिक बघतो. मी पुढे बोललो नाही.

पोराला एक्झॉस्टच्या मागे उभा केला आणि स्टार्ट मारला. खर्र्र्र करून इंजिनाच्या बेल्टकडच्या बाजूने, म्हणजे टायमिंग चेनकडून, डबड्यात साखळी हलवावी तसा आवाज, मी मनात मोजलं, चार सेकंद, आणि एकदम शांत. त्याचं काय असतं, चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल उतरतं, पंप प्रेशर पोचवेपर्यंत चेन सैल असते. अर्धा-एक सेकंद आवाज मी सोडून देतो, चार नाही. पण लगेच चेन गेली असंही म्हणायचं नाही, कारण ऑइल कमी असलं तरी हेच होतं. डिपस्टिक काढली तर लेव्हल बरोबर. मग डॅशबोर्डच्या खणात सर्व्हिसचं जुनं बिल मिळालं, त्यावर ऑइल 20W-50, आणि कंपनीने या इंजिनाला 5W-30 सांगितलंय. आवाज दाबायला आणि धूर कमी दिसायला जाड ऑइल टाकायची ही जुनी युक्ती, पण थंड असताना जाड ऑइल टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं, त्यामुळे सकाळचा खडखडाट उलट वाढतो.

तोवर मागून पोरगा ओरडतोय, "दादा, धूर, पांढरा धूर!" जाऊन बघितलं तर दोन गोष्टी एकत्र होत्या. पांढरं होतं ती नुसती वाफ, पाइपातून पाणी ठिबकत होतं, हातभर अंतरावर हवेत विरत होती, पावसाळ्यात गोव्यात प्रत्येक गाडी सकाळी असं करते. कूलंट जळत असेल तर तो धूर गोडसर वासाचा असतो आणि इंजिन तापलं तरी जात नाही. पण त्या वाफेत निळसर झाक होती, खाली रेंगाळणारी, जळक्या तेलाच्या वासाची. सहा-सात सेकंदांत तीही गेली. म्हणजे रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरलं आणि पहिल्या स्टार्टला जळलं.

आयडल, म्हणजे गाडी जागेवर असतानाचे इंजिनाचे फेरे, 1300 वरून चार मिनिटांत 800 वर आला, तोपर्यंत ठीक, पण त्यानंतर दर दहा-बारा सेकंदांनी एक हलका झटका. स्टिअरिंगवर बोट ठेवलं की कळायचा. थोड्या वेळाने स्कॅनरमध्ये पेंडिंग कोड आला, `P0303`, तीन नंबर सिलिंडरची मिसफायर, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नव्हतं. प्लग काढला तर काळा, ऑइलने ओला, बाकीचे तीन कोरडे. आता प्रश्न एकच, हे ऑइल येतंय कुठून, सील की पिस्टनची रिंग? सगळे प्लग काढून गरम इंजिनावर कॉम्प्रेशन मोजलं, 170, 172, 166, 171. चारही जवळ जवळ. रिंग गेली असती तर बहुतेक तीन नंबर खाली पडला असता. म्हणजे इंजिन पूर्ण खोलायची गरज नाही, वरचं काम.

चेन, टेन्शनर, गाइड, सगळे व्हॉल्व्ह सील, प्लग, योग्य ऑइल, मजुरी, मी पस्तीस हजार लिहून दिले. मालकांनी कागद दोनदा वाचला, आणि मग पोराकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, दोन सत्तरला घेईल का तो?" दोन पासष्टला झाली.

पंधरा दिवसांनी हेड उतरवलं. तीन नंबरचे सील बोटात धरून दाबले तर प्लास्टिकच्या बटणासारखे कडक, एक तर मोडलाच. मीटर खोलला तेव्हा चेक इंजिनच्या चिन्हामागे नखाएवढा काळ्या टेपचा तुकडा होता, नीट कात्रीने चौकोनी कापलेला. पोराने तो काढून डॅशबोर्डच्या खणात बिलाला चिकटवून ठेवलाय.