बोरन्हाणाच्या फोटोतली पट्टी

दांडिया बाजारातल्या आमच्या स्टुडिओत संक्रांतीनंतर एक ताई मोबाइलवरचा फोटो घेऊन आल्या. बोरन्हाणाचा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि लेकराच्या डाव्या गालावर डॉक्टरी पट्टी. "दादा, मोठा करून भिंतीवर लावायचाय. एवढी पट्टी तेवढी काढा."

मी पहिल्यांदा विचारलं, पट्टीखाली काय आहे? खरचटलं होतं, ते आता भरलंय. पण ओठाच्या कोपऱ्याजवळ एक तीळ आहे, असं त्या म्हणाल्या. हे विचारलं नसतं तर गाल सुंदर झाला असता, पण त्यांच्या लेकराचा नसता. तीळ दिसेल असा, साधारण त्याच बाजूने काढलेला दुसरा फोटो मागून घेतला.

अशा कामात थेट हीलिंग ब्रश फिरवला तर पट्टीच्या कडेला राखाडी डाग उठतो, कारण तो ब्रश आजूबाजूचा रंग मिसळून घेतो आणि आजूबाजूला पट्टीच असते. म्हणून आधी रंग, मग पोत. पट्टीने कातडी ओढली जाते आणि कडेला बारीक सावली पडते, त्यामुळे निवड पट्टीपेक्षा थोडी मोठी धरली. नव्या लेयरवर मऊ ब्रशने, अगदी कमी अपॅसिटीवर, कडेचे रंग उचलत आत भरत गेलो. इथेच सगळा वेळ गेला. खिडकी डावीकडे, म्हणून गाल नाकाकडे गडद होत जात होता; शिवाय पांढऱ्या हलव्याच्या हारावरून उजेड उसळून जबड्याची खालची कड उजळली होती. ती उजळ कड सोडली असती तर गाल सपाट दिसला असता.

पोत त्याच गालावरून, कानाजवळून घेतला. दुसऱ्या गालावर सावली होती, तो उलटा करून चालला नसता. लहान मुलांच्या कातडीला रंध्रं जवळजवळ दिसत नाहीत. दिसते ती बारीक लव आणि किंचित लालसर चट्टे. ते चट्टे मी मुद्दाम ठेवले. शेवटी मोबाइलच्या फोटोत असतो तसा हलका दाणा त्या जागेवर टाकला, नाहीतर तेवढाच भाग प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत दिसतो. मग वर कर्व्ह्जचा लेयर लावून कॉन्ट्रास्ट एकदम चढवला. डोळ्याला न दिसणारा ठिपका त्यात लगेच उघडा पडतो. नाकपुडीशेजारी एक सापडला, तो सारखा करून लेयर काढून टाकला.

तीळ सगळ्यात शेवटी बसवला, ओठाच्या कोपऱ्यापासूनचं अंतर दुसऱ्या फोटोवर मोजून.

प्रिंट पाहून ताईंनी लगेच दुसरा फोटो दाखवला, त्यात तोंडात चोखणी. "हीपण काढाल ना?" त्यांना सांगितलं, गालाची कातडी शेजारून घेता येते, ओठ शेजारी कुठे मिळणार? शिवाय चोखताना ओठ पुढे येतात, गाल आत जातात. त्याच दिवसाचा, तोंड मिटलेला आणि चेहरा तसाच वळलेला फोटो असेल तरच हात लावीन.


त्या मोबाइल चाळत बाकावर बसल्या.