आईच्या ओठावरचा तीळ: सातव्या आठवड्याची नोंद

एआयकडून काढून घेत असलेलं आईचं सत्तरीचं चित्र अजून पुरं झालेलं नाही, पण तीळ जागेवर आला. सहा आठवडे तोच निसटत होता, म्हणून आजची नोंद त्याच्यावरच.

आईच्या डाव्या बाजूला, वरच्या ओठाच्या जरा वर, साधारण ४ मिलिमीटरचा उठावदार तीळ आहे. डाव्या भुवईत वण आहे. लहानपणी गिरगावच्या चाळीत जिन्यावरून पडली होती, तिथे पुन्हा केस उगवले नाहीत. तिला नऊवारीत, दादर चौपाटीवर, संध्याकाळच्या उजेडात बसलेली दाखवायची आहे. तिच्या १८ फोटोंवर एसडीएक्सएल या चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलचा लोरा, म्हणजे तिचा चेहरा ओळखणारी छोटी जोड, शिकवला. चेहरा ओळखू येतो, नाकाची ठेवण अगदी तिची. तीळ मात्र दहातल्या आठ चित्रांत नाही आणि उरलेल्या दोनांत एकदा उजवीकडे.

उजवीकडे कसा जातो, याचा शोध घेताना मूळ फोटोच तपासले. बहिणीने काढलेल्या पाच सेल्फी आरशासारख्या उलट्या जतन झाल्या होत्या. पदर उजव्या खांद्यावर दिसला की फोटो उलटा, हे साडीतल्या फोटोंत लगेच कळलं. गाऊनमधल्या फोटोंत नाकातली चमकी पाहिली. ती डाव्या नाकपुडीत असते. पाचही सरळ केले. शिकवणीच्या फाइलमध्ये फोटो आपोआप उलटे करून वापरायची सोय मी चालू ठेवली होती, तीही बंद केली:

```
flip_aug = false
```

नाहीतर यंत्राला अर्ध्या वेळा तीळ डावीकडे आणि अर्ध्या वेळा उजवीकडे दिसतो, आणि ते दोन्हीकडून हात काढून घेतं. कुठून तरी उचललेल्या नकारात्मक सूचनांमध्ये त्वचेवरचे डाग नकोत असंही लिहिलेलं होतं. तेही काढलं.

तरीही आई पूर्ण बसलेली दिसते त्या चित्रात तीळ येईना. कारण मापात आहे. हे मॉडेल चित्र थेट पिक्सेलमध्ये रचत नाही. आधी ते आठपट लहान करून, म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचं एक घर धरून, त्या घरांत काम करतं. माझ्या १०२४ पिक्सेलच्या चित्रात आईचा चेहरा २६० पिक्सेल रुंद होता. चेहऱ्याची रुंदी १४ सेंटिमीटर धरली तर तीळ जेमतेम ७ पिक्सेलचा. एका घरातही तो पुरता भरत नाही, मग तो शेजारच्या त्वचेत विरघळतो. शब्दात कितीही सांगितलं तरी त्याला उभं राहायला जागाच नाही. चेहऱ्याचा क्लोज-अप काढला की तोच लोरा तीळ व्यवस्थित दाखवतो, यावरून खात्री पटली.

म्हणून आता क्रम असा ठेवला आहे. आधी सगळं चित्र २०४८ पर्यंत मोठं करते, चेहरा सुधारणारं साधन न लावता. ती साधनं तीळ डाग समजून पुसतात. मग क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये मूळ फोटोतून तिळाचा तुकडा कापून बसवते. जागा डोळ्यांनी ठरवत नाही. आईच्या फोटोत नाकपुडीच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत रेष ओढली, तर तीळ वरून दोन तृतीयांशावर येतो. चित्रात मान थोडी वळलेली आहे, तिथेही हीच रेष ओढून तेच प्रमाण धरते, आणि वळणाप्रमाणे तीळ किंचित अंडाकृती करते. उजेड समुद्राकडून येतो, म्हणून त्या बाजूला बारीक चमक आणि दुसऱ्या बाजूला सावलीची कड.

शेवटी फक्त त्या भागावर इनपेंट, म्हणजे तेवढाच भाग मॉडेलकडून पुन्हा रंगवून घेणं. `Only masked` निवडलं की तेवढा तुकडा मोठा करून रंगवला जातो, त्यामुळे तिळाला दोन-तीन घरं मिळतात. मॉडेलने तिथे किती बदल करायचा हे ठरवणारं `Denoising strength` ०.३५ वर ठेवलं की कडा त्वचेत मिसळतात आणि तीळ राहतो. ०.५५ ला माझ्याकडे तो पुन्हा फिका पडला. ०.२ ला चिकटवलेला तुकडा कळतो. यानंतर पूर्ण चित्र पुन्हा मॉडेलमधून घालवायचं नाही, नाहीतर सगळी मेहनत वाया.

मानेवरची तपकिरी जन्मखूण मोठी आहे, ती विशेष त्रास देत नाही. फक्त कधी ती सावलीसारखी राखाडी होते, तेव्हा रंग फोटोतून उचलते.

भुवईचा वण अवघड आहे. तीळ ठिपका असतो, पण वण म्हणजे केस नसलेली फट, आणि इनपेंट तिथे भुवई भरून टाकतं. पांढऱ्या रंगाने रेघ ओढली तर प्लास्टर लावल्यासारखी दिसते. आता भुवईचा मास्क, म्हणजे पुन्हा रंगवायचा भाग, वणाच्या दोन्ही बाजूंना वेगळा घेते, फट मोकळीच सोडते, आणि फटीत शेजारच्या त्वचेचा रंग जरा उजळ करून भरते.

रविवारी मावशीला प्रिंट दाखवली. तीळ पाहून ती काही बोलली नाही, म्हणजे तो बरोबर. मग बोट भुवईवर ठेवून म्हणाली, "अगं, हा तिरका नाकाच्या बाजूला उतरतो. तू सरळ काढलायस." जुन्या फोटोत पाहिलं, तर खरंच उतरतो. पुढच्या आठवड्यात तेवढंच करायचं आहे.