शून्याच्या जवळचा छेद

"सर, दोन्ही नॉर्मल चलांची सरासरी शून्य, त्यांच्या भागाकाराचा आलेखही शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच. मग भागाकाराची सरासरी शून्य म्हणायचं सोडून ‘ती नाहीच’ असं का म्हणता?"

विद्यार्थी असताना मीही शून्यच धरून चाललो होतो. मग एका दुपारी लॅबमध्ये आर उघडलं आणि हे चार-पाचदा चालवलं:

```r
x <- rnorm(10000)
y <- rnorm(10000)
z <- x / y
mean(z); median(z)
z[which.min(abs(y))]
```

मध्यक दर वेळी शून्याला चिकटून होता, फरक दोन-तीन शतांशांचा. सरासरी मात्र एकदा अर्ध्याच्या आसपास, पुढच्या खेपेला उणे तीन. आधी वाटलं, कोडच चुकलाय. शेवटच्या ओळीने खुलासा केला. दहा हजार `y` काढले की त्यातला शून्याच्या सर्वांत जवळचा साधारण 0.0001 च्या घरात असतोच, कारण नॉर्मलचा आलेख शून्यापाशीच सर्वांत उंच. त्याच्या वाट्याला 1.2 एवढा `x` आला, की भागाकार 12,000. दहा हजारांत वाटला तरी हा एकटा पठ्ठ्या सरासरी 1.2 ने हलवतो.

या भागाकाराची घनता `1/(π(1+z²))`, म्हणजे कोशीचं वितरण. (कोशीच्या आधी, 1824 मध्ये, प्वासाँने ते दाखवलं होतं. नाव मात्र कोशीचं लागलं.) नॉर्मलचं शेपूट झपाट्याने विरतं, याचं रेंगाळतं: भागाकार ±100 च्या बाहेर जाण्याची शक्यता हजारात सहा, ±1000 च्या बाहेर दहा हजारांत सहा. आकडा दहापट मोठा, शक्यता दहापटच कमी. त्यामुळे सरासरीच्या हिशेबात 10 ते 100 हा पट्टा जेवढी भर घालतो, तेवढीच 100 ते 1000 घालतो, पुढचाही तेवढीच. उजव्या बाजूची बेरीज अनंत, डावीकडची उणे अनंत.

आता तुमच्या सममितीकडे येऊ. `-M` ते `M` एवढंच मोजलंत तर उत्तर शून्यच येतं, कबूल. पण `-M` ते `2M` मोजा आणि `M` वाढवत न्या: उत्तर `ln 2 / π`, म्हणजे 0.22 कडे जातं. कुठे कापायचं ते तुम्ही ठरवणार आणि उत्तर त्यावर बदलणार. अनंतातून अनंत वजा करताना असंच होतं. म्हणून या सरासरीला शून्य म्हणता येत नाही.

"नमुना वाढवला तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. अशा `n` भागाकारांची सरासरी पुन्हा त्याच कोशी वितरणाची असते, `n` कितीही असो. एकटा भागाकार ±1 च्या बाहेर पडण्याची शक्यता निम्मी, आणि दहा लाखांच्या सरासरीचीही निम्मीच.