भाचीचं गणित खोडायचं नाही असं ठरवलं तेव्हा

भाची दहावीला, परळला आमच्या मागच्याच चाळीत राहते. क्लासच्या झेरॉक्स शीटवर प्रश्न छापलेले आणि बाजूच्या रिकाम्या जागेत तिने पेन्सिलने अर्धवट सोडवलेलं. क्लासमध्ये त्यावर लाल पेनने फुली मारून खाली सूत्राने अख्खं उत्तर लिहून दिलेलं, याचा मला अजून राग आहे, कारण प्रश्नात स्पष्ट छापलंय 'पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा'. म्हणजे पोरीचं काय चुकलं ते तर कळलं नाहीच, वर पद्धतही बदलली.

प्रश्न होता x² + 8x − 48 = 0. तिचं असं होतं:

x² + 8x = 48
x² + 8x + 16 = 48
(x + 4)² = 48
x + 4 = √48

आणि इथे थांबली. √48 खाली इतकं खोडलेलं की कागद फाटायला आलेला. मीपण आधी तिथेच बघत बसले, वर्गमूळ काढता येत नाही की काय म्हणून, त्यात अर्धा तास गेला. मग वरून एकेक ओळ वाचली तेव्हा दिसलं की चूक दोन ओळी वर आहे. 8 च्या निम्मे 4, त्याचा वर्ग 16, हे तिला बरोबर आलं होतं, फक्त तो 16 डावीकडेच मिळवला, उजवीकडे राहून गेला. मूल जिथे थांबतं तिथे चूक असतेच असं नाही, तिथे फक्त त्याला शंका आलेली असते.

मी काही खोडलं नाही. दुसऱ्या ओळीतल्या 48 पुढे हिरव्या पेनने नुसतं '+ 16' लिहिलं आणि म्हटलं, आता इथून खाली तूच ये. तिने 64 केलं, x + 4 = 8, म्हणून x = 4. परत थांबवलं, 64 कोणाकोणाचा वर्ग आहे गं? मग −8 आठवला आणि x = −12 पण आलं. दोन्ही किमती मूळ प्रश्नात घालून बघायला लावल्या, शून्य आलं तेव्हा बरं वाटलं.

हो, एक सांगायचं राहिलं, सगळ्यात आधी छापलेला प्रश्न आणि मुलाने उतरवलेला प्रश्न ताडून बघा. पुढच्याच प्रश्नात x² + 2x − 5 = 0 मधला वजा झेरॉक्समध्ये पुसट आलेला, तिने अधिक घेतलेलं, त्यामुळे (x + 1)² = −4 येऊन अडली होती. पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या! चिन्ह सुधारल्यावर तिचं तिनेच x = −1 ± √6 काढलं आणि लगेच खोडरबर उचलला, "मावशी, हे पण मुळातच अडकलं." म्हटलं, राहू दे, या वेळी उत्तरच ते आहे.