पाणी हळू होत नाही, दाब उतरतो

ओरलला थोडेच दिवस उरले होते. एसई मेकॅनिकलचा एक मुलगा फ्लुइड मेकॅनिक्सच्या स्लाईड्सची प्रिंट घेऊन केबिनमध्ये आला. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, वर्गात सहसा गप्प बसणारा. त्याने दोन पानं टेबलावर शेजारीशेजारी ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, या दोन स्लाईड्स एकमेकींशी भांडतायत."

पहिल्या पानावर सातत्याचं समीकरण होतं, A₁V₁ = A₂V₂. दुसऱ्या पानावर ऊर्जेचं, ज्यात शेवटचा h_L म्हणजे घर्षणात गेलेली ऊर्जा:

P₁/ρg + V₁²/2g + z₁ = P₂/ρg + V₂²/2g + z₂ + h_L

"हे पहिलं म्हणतंय की एकाच व्यासाच्या पाइपात वेग सगळीकडे सारखा. आणि हे दुसरं म्हणतंय की घर्षणामुळे पुढे जाता जाता ऊर्जा कमी होते. ऊर्जा कमी झाली तर पाणी हळू व्हायला पाहिजे ना? मग वेग सारखा कसा?"

या विषयात मुलांची जी गाडी अडते ती बहुतेक वेळा नेमकी इथेच. मुलं बोलत नाहीत, गणितं सोडवून मोकळी होतात, आणि घर्षण म्हणजे हळू होणं ही समजूत शाळेतल्या लाकडी ठोकळ्यापासून तशीच सोबत राहते. ठोकळा टेबलावर घसरतो, हळू होतो, थांबतो. त्याच्या मागे कुणी नसतं. पाइपातल्या पाण्याच्या मागे मात्र पाणीच असतं.

मी त्याला एवढंच विचारलं, की पाइपाच्या सुरुवातीला दर सेकंदाला अर्धा लिटर पाणी आत येतंय आणि शेवटी हळू झाल्यामुळे पाव लिटरच बाहेर पडतंय, तर उरलेलं पाव लिटर कुठे राहतं? तो थोडा वेळ पाइपाच्या चित्राकडे बघत राहिला. पाइप भरलेला आहे, फुगत नाही, पाणी दाबलं जात नाही. "जागाच नाही," तो म्हणाला. सातत्याचं समीकरण एवढंच सांगतं. ते पाण्याचा हिशेब ठेवतं, ऊर्जेचा नाही. घर्षण कितीही असो, पाइप गंजका असो की गुळगुळीत, त्या हिशेबात फरक पडत नाही. स्थिर प्रवाहात वेग व्यासानेच बांधलेला असतो.

"मग घर्षण खातं काय?" त्याने विचारलं. उत्तर तोंडी देण्यात अर्थ नव्हता. लॅब मोकळी होती, तिकडे गेलो.

आमच्याकडे घर्षणाच्या प्रयोगासाठी 20 मिमी आतल्या व्यासाचा सरळ आडवा पाइप आहे. त्यावर दोन मीटर अंतरावर दोन बारीक छिद्रं, छिद्रांना नळ्या जोडलेल्या आणि त्या नळ्यांतली पाण्याची उंची वाचायला मागे पट्टी. व्हॉल्व्ह उघडून प्रवाह स्थिर होऊ दिला आणि नळ्यांमधले हवेचे बुडबुडे काढले. हे बुडबुडे काढणं मुलं टाळतात आणि मग वाचन कसंही येतं. एका नळीत हवेचा तुकडा अडकला की ती उंची त्या जागेचा दाब सांगतच नाही. मोजटाकीत 10 लिटर जमायला 20 सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. पाइपाचं क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंटीमीटर, त्यामुळे वेग साधारण 1.6 मीटर प्रति सेकंद. दोन नळ्यांमधल्या उंचीचा फरक आला 36 सेंटीमीटर.

आता मी त्याला V²/2g काढायला लावलं. 1.6 चा वर्ग, भागिले 19.62. उत्तर 0.13 मीटर, म्हणजे 13 सेंटीमीटर. या समीकरणात ऊर्जा पाण्याच्या उंचीत मोजतात, त्या उंचीलाच हेड म्हणतात.

"या पाण्याच्या वेगात एकूण किती ऊर्जा आहे?"

"तेरा सेंटीमीटर."

"आणि दोन मीटरमध्ये गेली किती?"

तो पट्टीकडे बघून थांबला. छत्तीस गेली होती. तेरातून छत्तीस जाऊ शकत नाहीत. दर मीटरला 18 सेंटीमीटर या दराने घर्षणाने वेगातूनच वसुली केली असती, तर पहिल्या पाऊण मीटरच्या आतच पाणी जागच्या जागी थांबलं असतं. आणि समोर तर ते पाइपाच्या तोंडातून तशाच जोराने मोजटाकीत पडत होतं. हा क्षण मला फार आवडतो, कारण इथे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. दोन आकडे शेजारी ठेवले की वजाबाकीच होत नाही.

तर घर्षण दाब खातं. वेग बांधलेला, पाइप आडवा म्हणून उंची z तीच, समीकरणात हलायला मोकळं उरतं ते फक्त P. म्हणून h_L चा सगळा भार त्याच्यावर येतो. स्लाईडवरचं लांबलचक समीकरण या पाइपापुरतं (P₁ − P₂)/ρg = h_L एवढंच राहतं.

इथे त्याने आणखी एक पान काढलं. त्यावर P/ρg च्या खाली 'प्रेशर एनर्जी' लिहिलं होतं. त्याचं म्हणणं, ऊर्जा पाण्यात साठवलेली असेल तर दाब उतरल्यावर पाणी थोडं सैल पडत असणार, फुगत असणार. हा शब्द मला स्वतःला पटत नाही आणि मी वर्गातही तो जपून वापरते. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे स्प्रिंगसारखं त्यात काही साठत नाही. P/ρg म्हणजे मागचं पाणी पुढच्याला ढकलताना जे काम करतं ते. त्या दोन मीटरच्या तुकड्यात मागचा धक्का मोठा, पुढचा विरोध लहान, आणि दोन्हींतला फरक नेमका भिंतीच्या ओढीला पुरतो. म्हणून पाण्याला ना वेग मिळतो, ना त्याचा वेग जातो. 36 सेंटीमीटर म्हणजे सुमारे 3,500 पास्कल, आणि एक लिटर पाणी त्या फरकातून नेलं की साडेतीन ज्यूल खर्ची पडतात. ते उष्णता होतात. लिटरभर पाणी त्याने एक सहस्रांश अंशाहूनही कमी तापतं, म्हणून लॅबच्या थर्मामीटरला ते कधीच दिसणार नाही. ऊर्जा 'गेली' म्हणतो तेव्हा ती इथे गेलेली असते, आणि तिथून परत मिळत नाही.

मग शेजारच्या बर्नूलीच्या उपकरणाकडे वळलो. पारदर्शक नळी, मधे निमुळती, वर ओळीने पिझोमीटर, म्हणजे त्या त्या जागेचा दाब पाण्याच्या उंचीत दाखवणाऱ्या उभ्या नळ्या. रुंद भागाचा व्यास 50 मिमी, घशाचा 25. सेकंदाला एक लिटर सोडल्यावर रुंद भागात वेग अर्ध्या मीटरहून किंचित जास्त, घशात त्याच्या चौपट, दोन मीटरहून थोडा जास्त. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, हे मुलं घाईत विसरतात. वेगाचं हेड मात्र सोळापट होतं, 1.3 वरून 21.2 सेंटीमीटर. पिझोमीटरने आधी 40, घशात 19.4 आणि पुन्हा रुंद झाल्यावर 36 दाखवले.

मी त्याला प्रत्येक जागी दोन्हींची बेरीज करायला सांगितली. 41.3, मग 40.6, मग 37.3. घशात पिझोमीटर निम्म्याहून खाली आलं तरी बेरीज जेमतेम पाऊण सेंटीमीटरने उतरली. दाब वेगात बदलला होता, वाया गेला नव्हता. खरी गळती पुढे, जिथे नळी पुन्हा रुंद होते. तिथे पाण्याला वाढत्या दाबाच्या विरुद्ध जावं लागतं, भिंतीलगतचं संथ पाणी टिकत नाही, सुटतं आणि भोवरे करतं. म्हणूनच व्हेंच्युरीमीटरचा पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब आणि हळूहळू रुंदावणारा असतो. त्याच्या स्लाईडवरच्या चित्रात दाबाची रेषा घशानंतर परत मूळ उंचीला टेकवलेली होती. ते चित्र घर्षण नसलेल्या द्रवाचं आहे. तसं लिहिलं असतं तर काही अडचण नव्हती, पण लिहिलेलं नव्हतं.

"मग मॅडम, पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला तर? तिथे जागा अरुंद होते, पाणी लांब उडतं. दाब वाढतो म्हणूनच ना? स्लाईड तर म्हणते वेग वाढला की दाब कमी."

हा प्रश्न यायलाच हवा होता, कारण 'वेग वाढला की दाब कमी' हे वाक्य स्लाईडवर चौकटीत छापलेलं असतं आणि त्याची अट छापलेली नसते. अट अशी, की तुलना एकाच प्रवाहातल्या दोन जागांची हवी. अंगठा धरण्याआधीचा प्रवाह आणि धरल्यानंतरचा प्रवाह हे दोन वेगळे प्रवाह आहेत.

फळ्यावर हिशेब केला. गच्चीवरची टाकी तोंडापासून 6 मीटर उंच, साडेबारा मिमीचा 15 मीटर लांब पाइप, डार्सीचा घर्षण गुणांक 0.03 धरला, बेंड आणि नळासाठी थोडं वेगळं ठेवलं. तोंड उघडं असताना वेग येतो साधारण 1.7 मीटर प्रति सेकंद. त्याचं हेड 15 सेंटीमीटर. म्हणजे 6 मीटरपैकी जवळजवळ सगळं पाइपानेच खाल्लं. आता अंगठ्याने तीन चतुर्थांश तोंड झाकलं. पाइपातला वेग 1.5 च्या आसपास येतो. फरक थोडा, पण घर्षण वेगाच्या वर्गाने जातं, म्हणून तोटा सव्वाचार मीटरवर उतरतो. वाचलेलं दीड मीटरहून जास्त हेड अंगठ्याच्या मागे दाब म्हणून उभं राहतं, आणि पाणी जवळजवळ 6 मीटर प्रति सेकंदाने सुटतं. अंगठ्याचा स्वतःचा तोटा यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच.

"म्हणजे अंगठ्याच्या मागे दाब वाढला, तो पाइपात कमी खर्च झाला म्हणून," तो म्हणाला. "आणि अंगठ्यापाशी तोच दाब वेगात गेला." बाहेर पडलेल्या धारेचा दाब मात्र हवेइतकाच, गेज दाब शून्य. बादली भरायला अंगठ्यामुळे वेळ कमी नाही, जास्तच लागतो, हे त्याने स्वतःहून जोडलं.

जाण्याआधी त्याने प्रिंटवरच्या दाबाच्या रेषेवर काट मारून पेन्सिलने नवीन दोन रेषा काढल्या. वर एकूण ऊर्जेची, कुठेही न चढणारी. खाली दाबाची, घशात खोल उतरून अर्धवट वर येणारी. आणि मग त्याने वरच्या रेषेवर बोट ठेवून विचारलं, की मध्ये पंप बसवला तर ही चढेल ना. चढेल, म्हटलं, पंपाच्या जागी सरळ उडी मारेल, आणि त्या उडीचा आकडा समीकरणात डाव्या बाजूला लिहायचा.