तुम्ही विचारलंत म्हणून: पापणी कधी मिटायची

"ताई, ब्लिंक टाकले, आय डार्ट टाकले, भुवयाही हलवल्या, तरी अ‍ॅनिमेशनच्या शांत शॉटमध्ये कॅरेक्टर विचार करतंय असं वाटतच नाही. नुसती डोळ्यांची उघडझाप दिसते. नेमकं काय चुकतं?"

बहुतेक वेळा क्रम चुकतो. आधी शरीर होतं, मग ओठ होतात, आणि शॉट द्यायच्या आदल्या दिवशी पॉलिश म्हणून ब्लिंक आणि डार्ट पेरले जातात. चेहरा बराच वेळ थिजलेला वाटला की एक ब्लिंक, डोळे मेलेले वाटले की एक डार्ट, म्हणजे नजरेची झटकन उडी. मीही सुरुवातीला असंच करत होते. सहा सेकंदांच्या एका क्लोजअपमध्ये मी सात ब्लिंक टाकले होते. माझ्या लीडने तो शॉट दोनदा पाहिला आणि एवढंच विचारलं, "हिचं मन सहा सेकंदांत सात वेळा बदललं का?"

त्या प्रश्नाने माझी कामाची पद्धतच बदलली. तोच शॉट इथे उलगडून सांगते.

दोन मैत्रिणी समोरासमोर बसल्या आहेत. एक सांगते, "मी पुढच्या आठवड्यात निघतेय. कायमची." कॅमेरा ऐकणारीवर आहे. तिच्या वाट्याला एकच शब्द आहे: "छान." शॉट १४४ फ्रेमचा, सेकंदाला २४ फ्रेम. तिला वाईट वाटलंय आणि ते तिला दाखवायचं नाहीये.

नव्याने करायला बसले तेव्हा मी सॉफ्टवेअर उघडलंच नाही. कागदावर तिचे विचार लिहिले. ऐकतेय. कळलं. म्हणजे आता आपण एकटे. हिला कळू द्यायचं नाही. "छान." एवढेच. विचार कुठे बदलतो ते लिहून काढलं की ब्लिंकच्या जागा आपोआप दिसतात, कारण माणसाची पापणी पुष्कळदा एक विचार संपून दुसरा सुरू होताना मिटते. गप्प बसलेला माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो, हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. मग दर तीन-चार सेकंदांनी एक असा ठेका धरला जातो. पण ती सरासरी आहे. मन लावून ऐकताना किंवा वाचताना पापण्या बराच वेळ मिटत नाहीत, आणि मन चलबिचल झालं की पाठोपाठ मिटतात. त्यामुळे सरासरीकडे बघून शॉट होत नाही.

पहिल्या ३४ फ्रेम मैत्रीण बोलतेय आणि ही ऐकतेय. इथे ब्लिंक नाही, फक्त दोन डार्ट आहेत: नवव्या फ्रेमला मैत्रिणीच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आणि तेविसाव्याला परत. आपण समोरच्याचे दोन्ही डोळे एकदम बघत नाही, आलटून पालटून बघतो. ही हालचाल किती लहान असते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. माणूस हाताच्या अंतरावर असेल तर बुबुळ स्वतःच्या रुंदीच्या दहाव्या हिश्शाइतकंही सरकत नाही. ते जास्त सरकवलं तर ऐकणारी बाई चोरटी दिसायला लागते. क्लोजअपमध्ये एवढीशी हालचाल पुरते. मिड शॉटमध्ये ती दिसतच नाही, तिथे ती करण्यात वेळ घालवू नका.

डार्ट एका फ्रेममध्ये उरकतो, नजर लांब जाणार असेल तर दोन, फार तर तीन फ्रेममध्ये. हलणारी वस्तू डोळ्यांनी धरलेली असेल तेव्हाच नजर सलग सरकते, एरवी ती उड्या मारते. फोनचा पुढचा कॅमेरा लावून स्वतःच्या डोळ्यांचा व्हिडिओ घ्या आणि नजर भिंतीवरून सावकाश फिरवून बघा. तुम्हाला वाटेल सलग फिरली. फ्रेम फ्रेम करून पाहिलंत तर ती टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत गेलेली दिसेल.

पहिल्या खेपेला माझी सगळ्यात मोठी गडबड इथेच झाली होती. डार्टच्या की, म्हणजे किंमत पक्की केलेल्या फ्रेम, बरोबर जागी होत्या, पण ग्राफ एडिटरमध्ये मधले कर्व्ह स्प्लाइनच, म्हणजे गोलाई घेणारेच, राहिले होते. दोन कीमधली किंमत तीच असूनही कर्व्हला पोट आलं होतं, त्यामुळे नजर स्थिर राहायच्या जागी हळूहळू तरंगत होती. प्ले केल्यावर चूक सापडत नाही, फक्त बाईला गुंगी आल्यासारखं वाटतं. म्हणून डोळ्यांच्या चॅनेलवर मी आता प्रत्येक थांब्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तीच किंमत ठेवते आणि टँजंट सपाट करते. कर्व्ह जिन्यासारखा दिसला पाहिजे, फक्त पायऱ्यांची लांबी सारखी नको. पाच फ्रेम, मग सोळा, मग नऊ. सारख्या अंतराचे डार्ट म्हणजे घड्याळाचा लंबक.

वाक्य चौतिसाव्या फ्रेमला संपतं. पूर्वी मी तिथेच ब्लिंक टाकला होता, ऐकलं की लगेच प्रतिक्रिया. आता ३४ ते ४६ या बारा फ्रेममध्ये काहीच होत नाही. ब्लिंक नाही, डार्टही नाही. ऐकताना चालू असलेली बारीक हालचालही थांबते, आणि ती थांबली यावरूनच बातमी आत पोचली हे कळतं. मी फक्त वरची पापणी अगदी किंचित उचलली. साधारणपणे वरची पापणी बुबुळाचा वरचा थोडा भाग झाकून असते. तो झाकलेला भाग जरासा कमी झाला. बुबुळाच्या वर पांढरं दिसू दिलं नाही, कारण मग ती दचकल्यासारखी किंवा घाबरल्यासारखी दिसली असती.

चेहरा मात्र पूर्ण गोठवायचा नाही. श्वास चालू ठेवला, नाहीतर व्हिडिओ अडकल्यासारखा वाटतो.

शेहेचाळिसाव्या फ्रेमला पहिला ब्लिंक. दोन फ्रेममध्ये मिटली, एक फ्रेम मिटलेली, चार फ्रेममध्ये उघडली. मिटणं जलद, उघडणं सावकाश, हे उलटं झालं की पापणी यंत्रासारखी वाटते. पापणी खाली येताना खालची पापणी जराशी वर येते आणि डोळा आत किंचित खाली, नाकाकडे जातो. हे कोणी मुद्दाम बघत नाही, पण नसलं तर शटर पडल्यासारखं दिसतं. मिटलेल्या फ्रेममध्ये मी नजर बदलली. उघडले तेव्हा डोळे मैत्रिणीकडे नव्हते, खाली स्वतःच्या हातांकडे होते. नजर खाली गेली की वरची पापणीही तिच्याबरोबर खाली येते, म्हणून या ब्लिंकनंतर डोळे पहिल्याइतके उघडतच नाहीत. तुमच्या रिगमध्ये, म्हणजे कॅरेक्टर हलवायच्या सांगाड्यात, पापणी बुबुळामागे आपोआप जात नसेल, तर ती हाताने उतरवावी लागते. डोळे खाली आणि पापण्या टक्क उघड्या, ही चूक मला नवख्यांच्या शॉटमध्ये सर्वात जास्त दिसते.

खाली बघताना तीन डार्ट: ५८, ६३ आणि ७९ वर. ती हात बघत नाहीये, हिशेब करतेय, म्हणून हे डार्ट कोणत्याही वस्तूवर जाऊन थांबत नाहीत. साठाव्या फ्रेमपासून भुवयांची आतली टोकं वर जायला लागतात आणि बारा फ्रेममध्ये पोचतात. किती वर? रिगचा स्लायडर १ पर्यंत जात असेल तर मी ०.१५ वर थांबले. ०.४ वर ती रडवेली दिसत होती, आणि रडवेली बाई पुढे "छान" म्हणाली की प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. त्याच सुमाराला ओठांचे कोपरे किंचित आत दाबले, डावा दोन फ्रेम आधी. दोन्ही बाजू एकाच फ्रेमला, एकाच मापाने हलल्या की चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. पापण्यांना मात्र हा नियम मी लावत नाही. त्या बरोबरच मिटतात.

चौऱ्याऐंशीव्या फ्रेमला ती वर बघते. या जागेवर मी सर्वात जास्त वेळ घालवला. विचार बदलतोय, म्हणजे ब्लिंक हवा, असा माझाच हिशेब होता. टाकून पाहिला. ती गोंधळलेली वाटली. काढून टाकला, आणि नजर ब्लिंकशिवाय दोन फ्रेममध्ये सरळ मैत्रिणीच्या डोळ्यांवर आणली. डोकं चार फ्रेम मागून आलं. एकदम ती निश्चयी झाली. कळू द्यायचं नाही हे तिने ठरवलंय, आणि ठरवलेली नजर मध्ये मिटत नाही. तुमच्या शॉटमध्येही जिथे ब्लिंक अगदी रास्त वाटतो, तिथला एक काढून बघा.

नव्वदला हसू सुरू होतं, फक्त ओठांवर. मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो, गाल वर येतात आणि खालची पापणी बुबुळाकडे सरकते. ते मी केलं नाही. आधी मी खालची पापणी चढवली होती, तेव्हा तिला खरंच आनंद झाल्यासारखं दिसत होतं. ती खाली आणली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. अख्ख्या शॉटचा अर्थ त्या एका कंट्रोलवर फिरला. शहाण्णवला "छान."

मग दुसरा आणि शेवटचा ब्लिंक, ११८ वर. हा वेगळा आहे: चार फ्रेम मिटायला, तीन मिटलेली, सात उघडायला. पहिला ब्लिंक विचार बदलल्याचा होता, हा दम टाकल्याचा. शब्द बोलून झाला, निभावलं, आणि त्या तीन मिटलेल्या फ्रेममध्ये ती क्षणभर एकटी असते.

सात ब्लिंकचे दोनच उरले. तपासायला मी तो शॉट आवाज बंद करून, स्क्रीनवर तोंडाच्या जागी कागद धरून एका सहकाऱ्याला दाखवला. गोष्ट सांगितली नाही, फक्त विचारलं, हिच्या मनात काय काय झालं? तो म्हणाला, "काहीतरी ऐकलं, लागलं, मग सावरली." तुम्ही हीच चाचणी घ्या. उत्तरात "डोळे मिचकावतेय" असं आलं तर ब्लिंक दिसतोय, विचार दिसत नाहीये. मग एकेक काढत जा.

शेवटचा ब्लिंक उघडतो १३२ वर. पुढच्या बारा फ्रेम मी तशाच सोडल्या. तिथे वरची पापणी शॉटच्या सुरुवातीपेक्षा जराशी खाली आहे, हसू अजून ओठांवर आहे आणि नजर मैत्रिणीवरच आहे, फक्त एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जायची थांबली आहे.