दादरच्या पोरांसाठी लीड्सवरून: नवशिक्यांची बुद्धिबळ स्पर्धा, नाव द्या लवकर

मंडळी, यावेळी इथल्या थंडीचं आणि बसच्या वेळापत्रकाचं रडगाणं नाही. दादरच्या आमच्या शाळेचा बुद्धिबळ क्लब नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी नवशिक्या मुलांची स्पर्धा घेतोय, आणि तिचं निवेदन लिहायचं काम सरांनी माझ्या गळ्यात मारलंय, कारण मी इथे लीड्समध्ये पोरीला घेऊन शनिवारी असल्या स्पर्धांना बसून असते. शाळा आमची असली तरी आजूबाजूच्या शाळांतली मुलंही चालतील.

नवशिका म्हणजे कोण ते आधी सांगते, कारण यावरूनच भांडणं होतात. ज्याला रेटिंग नाही आणि जो जिल्हा पातळीवर कधी बक्षिसात आलेला नाही तो नवशिका. बास. सहा महिने क्लास लावलाय, चालेल. मोहरी कशी चालतात एवढंच येतंय, तरी चालेल.

गट तीन आहेत, 8, 11 आणि 14 वर्षांखालचे. वय स्पर्धेच्या दिवशीचं नाही धरायचं, जन्मतारीख बघायची: 8 च्या गटाला 1 जानेवारी 2018 किंवा त्यानंतरचा जन्म, 11 ला 1 जानेवारी 2015, 14 ला 1 जानेवारी 2012. म्हणजे फेब्रुवारी 2015 मधला मुलगा स्पर्धेच्या दिवशी 11 पूर्ण असला तरी तो 11 च्याच गटात बसतो, त्यामुळे "अहो पण त्याला तर अकरा झाली" असं कुणी म्हणू नका. लहान मुलाला मोठ्या गटात खेळायचं असेल तर खुशाल खेळू दे, उलटं मात्र नाही.

आता पद्धत. सरांना फोनवर मी म्हटलं, "सर, दरवेळसारखी बाद पद्धत ठेवताय का?" तर ते म्हणाले, "अगं नको, गेल्या वेळी साडेदहाला निम्मी पोरं घरी गेली आणि आया माझ्यावर चिडल्या." मग ठरलं की स्विस पद्धत, जी इथे सगळीकडे असते. यात कुणी बाद होत नाही, सगळे पाचही डाव खेळतात, जिंकलं की 1 पॉइंट, बरोबरी झाली तर अर्धा, आणि पुढच्या फेरीत साधारण तुमच्याएवढेच पॉइंट असलेला मुलगा समोर येतो. एकदा खेळलेली जोडी परत लागत नाही.

समजा एका गटात 16 मुलं आहेत आणि एकही बरोबरी झाली नाही. पहिल्या फेरीनंतर 8 जणांना 1, 8 जणांना शून्य. दुसरीनंतर 4 जणांकडे 2, 8 जणांकडे 1, आणि 4 बिचारी शून्यावर. बाद पद्धत असती तर एव्हाना 12 मुलं वडापाव खाऊन घरी गेली असती. इथे तिसऱ्या फेरीत ती शून्यवाली चार एकमेकांशीच खेळतात, त्यातल्या दोघांना पहिला पॉइंट मिळतो, उरलेली दोघं चौथ्या फेरीत समोरासमोर. गंमत म्हणजे त्या दोघांची गाठ आधी पडलेली असूच शकत नाही, पडली असती तर एकाला पॉइंट मिळालाच असता ना! चौथ्या फेरीनंतर सगळ्यात वर 4 पॉइंटवाला एकच आणि सगळ्यात खाली शून्यवाला एकच, बाकी चौदा जण मधे, आणि शेवटची फेरी अजून बाकी. मुलं विषम झाली तर एकाला त्या फेरीत बसावं लागतं, पण त्याला फुकटचा 1 पॉइंट मिळतो, आणि एकाच मुलाला असं दोनदा बसवत नाहीत. शेवटी पॉइंट सारखे झाले तर ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पॉइंटची बेरीज जास्त तो वर.

घड्याळ सुरुवातीला नाही, कारण नवशिक्यांचा डाव बहुतेक वेळा पंधरा मिनिटांत आटपतो. वीस मिनिटांनंतरही जो चालू असेल त्या पटाशी सर घड्याळ लावतील, दोघांना 5-5 मिनिटं.

आता जरा घरी बोलायची गोष्ट. बऱ्याच मुलांना आजोबांनी शिकवलंय, आणि आजोबांचे नियम वेगळे. त्यांच्याकडे प्यादं पलीकडे पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं व्हायचं, हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती. आणि किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं, नसायचा, त्याऐवजी राजा एकदा घोड्यासारखा उडी मारायचा. स्पर्धेत यातलं काही नाही. प्यादं कुठल्याही घरात पोचलं तरी वजीर मागता येतो, पहिला वजीर पटावर असला तरी दुसरा मिळतो. किल्लेकोट आहे, पण राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मधली घरं रिकामी हवीत, आणि राजाला शह असताना किंवा शह बसणाऱ्या घरावरून जाऊन तो करता येत नाही. आणि मोहऱ्याला हात लावला की तेच खेळायचं, हा नियम सगळ्यात जास्त रडवतो म्हणून आजपासूनच घरी पाळा.

दुसरी एक भानगड मी इथे फार बघते. डाव संपला असं वाटलं की मुलं लगेच मोहरी लावून टाकतात आणि मग एक म्हणतो मी जिंकलो, दुसरा म्हणतो बरोबरी. समजा काळ्याचा एकटा राजा h8 वर, पांढऱ्याचा वजीर g6 वर, राजा लांब कुठेतरी, खेळी काळ्याची. पांढरा मुलगा "मात!" म्हणून हात वर करतो, पण राजाला शहच नाही, फक्त हलायला जागा नाही. ही स्टेलमेट, म्हणजे बरोबरी, एवढा वजीर असून अर्धाच पॉइंट. पट तसाच असेल तर सर एका नजरेत सांगतील, मोहरी हलवली की कुणाचं खरं मानणार? म्हणून डाव संपला की हात पटापासून लांब आणि वर, सर येईपर्यंत तसंच बसायचं, निकाल लिहायला दोघांनी बरोबर जायचं.

आणि पालकांनो, हॉलमध्ये तुम्ही नाही. इथे तर आम्हाला थेट कँटीनमध्ये घालवतात, पहिल्यांदा राग आला होता मला, पण खिडकीतून भुवया उडवणारे बाबा बघितले की कळतं का ते.

नाव देण्यासाठी वर्गशिक्षकांकडून फॉर्म घ्या, बाहेरच्या शाळेतली मुलं असाल तर आमच्या शाळेच्या ऑफिसातून. सोबत जन्मदाखल्याची झेरॉक्स किंवा जन्मतारीख असलेलं शाळेचं ओळखपत्र जोडा, 100 रुपये फी आणि फॉर्म ऑफिसातच द्या, पावती घ्या, त्यावर गट लिहिलाय ना ते तिथेच तपासा. शेवटचा दिवस स्पर्धेच्या आधीचा बुधवार. रविवारी सकाळी आयत्या वेळी नाव घेणार नाहीत, कारण पहिल्या फेरीच्या जोड्या आदल्या रात्री लागतात आणि एक मूल वाढलं की सगळं परत मांडावं लागतं. नाव देऊन येणार नसाल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत नक्की कळवा, नाहीतर समोरचं पोरगं रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतं.

रविवारी साडेनऊला हजेरी, दहाला पहिला डाव, दुपारी दोन-अडीचपर्यंत मोकळे. पट शाळेचे आहेत. पाण्याची बाटली आणि डबा आणा, डबा तेलकट नको असं सरांनी खास लिहायला सांगितलंय, मोहरी नवीन आहेत.